"प्रॉब्लेम नको, सोल्युशन घेऊन या" हे वाक्य शॉपफ्लोअरवर बंद व्हायला हवं

मी भोसरीच्या एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीत काम करते. कंपनीचं आणि माणसांची नावं लिहीत नाही. पण आमच्याकडे जे घडलं ते लिहायलाच हवं, कारण शेजारच्या दहा शॉपमध्येही तेच घडत असणार याची मला खात्री आहे.

आमच्याकडे बिडाचं बेअरिंग हाऊसिंग बनतं. त्यात 6206 नंबरचं बेअरिंग बसतं, म्हणून आतलं गोल भोक, म्हणजे बोअर, 62 मिलिमीटर आणि टॉलरन्स एच-सेव्हन. म्हणजे 62.000 ते 62.030. सगळा खेळ तीस मायक्रॉनचा. या मशीनवर माप लावून देणारे एक जुने सेटर होते, त्यांना सगळे मामा म्हणायचे. मामांच्या शिफ्टमधला माल मी तपासायला घेतला की हात आपोआप हलका व्हायचा, इतका तो एकसारखा असायचा.

गुरुवारी आमची सुट्टी. शुक्रवारी सकाळी सातला पहिली शिफ्ट लागते तेव्हा मशीन पूर्ण थंड असते. स्पिंडल आणि बॉलस्क्रू चालता चालता गरम होतात, थोडे वाढतात आणि माप सरकतं. म्हणून मामा जॉब न लावता वीसेक मिनिटं मशीन मोकळी फिरवायचे, आधी कमी आरपीएमवर, मग चढवत. त्यानंतर पहिला जॉब काढून तो हाताला गार लागेपर्यंत थांबायचे आणि मगच बोअर गेजने माप बघून मशीनला तेवढी दुरुस्ती, म्हणजे ऑफसेट, द्यायचे.

सुपरवायझर साहेबांना यातलं फक्त एकच दिसायचं. सात वाजून गेले आणि मशीन रिकामी फिरते आहे. साहेब माणूस वाईट नाही. कामाला वाघ, कुणाचा पगार अडला तर स्वतः ऑफिसात जाऊन भांडणारा. पण त्यांच्या हातात तासातासाचा प्रॉडक्शन शीट आणि पहिल्या तासाचा आकडा कमी पडला की मॅनेजरचा फोन. मामांनी शिफ्ट मीटिंगमध्ये हा विषय काढला होता. एकदा नव्हे, बऱ्याचदा. "साहेब, शुक्रवारचा पहिला तास धरू नका, मशीनला तापू द्या." साहेबांचं उत्तर ठरलेलं असायचं. "मामा, प्रॉब्लेम नको, सोल्युशन घेऊन या."

मला या वाक्याचा मनापासून राग येतो. माप सरकतंय हे सेटरला सगळ्यात आधी कळतं, पण त्यावरचा उपाय त्याच्या हातात नसतो. टार्गेटमधली वीस मिनिटं मामा कुठून आणणार होते? ती देण्याचा अधिकार साहेबांचा होता, फार तर मॅनेजरचा. ज्याच्याकडे अधिकार नाही त्याच्याकडे उपाय मागणं म्हणजे त्याला गप्प बसवणं.

मामा गप्प बसले. शीटवर शुक्रवारचा आकडा सुधारला. साहेब खूश झाले, आपण शिस्त लावली असं त्यांना वाटलं. काही महिन्यांनी मामांनी राजीनामा दिला. कारण: घरगुती. साहेबांनी पगाराचं विचारलं, मामा "तसं काही नाही साहेब" म्हणाले. नोटिशीचा महिना पूर्ण भरला, प्रोग्राम नंबर आणि टूलची यादी नव्या मुलाला नीट लिहून दिली आणि गेले. एचआरच्या फॉर्मवर सगळीकडे "समाधानकारक".

त्यानंतर ग्राहकाकडून शुक्रवारचा लॉट परत आला. बेअरिंग आत जात नव्हतं. आमच्या रिपोर्टमध्ये बोअर 62.005, म्हणजे पास. तिथे ते 61.995 भरत होतं. साहेबांनी आधी नव्या मुलाला धारेवर धरलं, मग इन्सर्टचा ब्रँड बदलला, मग प्रोग्राम तपासला. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच.

मी हिशोब मांडून दाखवला. जॉब मशीनमधून निघाला तेव्हा खोलीपेक्षा पंधरा अंशांनी गरम असेल, तर 62 च्या बोअरमध्ये साधारण दहा मायक्रॉनचा फरक पडतो. गरम असताना 5 वर असलेलं माप गार झाल्यावर उणे 5 वर जातं. पोरगा आकड्यामागे धावत होता, गार होण्याची वाट पाहायला त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मग मामांचा शुक्रवारचा आकडा टार्गेटमध्ये बसायचा कसा? हजेरीचं रेकॉर्ड काढलं. इतर दिवशी मामा सातला पाच कमी असताना यायचे, शुक्रवारी साडेसहालाच. ती वीस-पंचवीस मिनिटं ते स्वतःच्या खिशातून घालत होते, ना ओव्हरटाइम ना नोंद.

साहेब बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसले. संध्याकाळी मामांना भेटायला गेले, मलाही सोबत नेलं. चहा झाला. साहेबांनी विचारलं, "मामा, मला एकदा नीट सांगायचं होतं ना?" मामा शांतपणे म्हणाले, "सांगितलं होतं साहेब. पण मी बोलत असताना तुमचं उत्तर आधीच तयार असायचं." परत यायला त्यांनी नकार दिला. नव्या ठिकाणी पगार तेवढाच आहे, पण तिथला मालक स्वतः मशीनपाशी येऊन उभा राहतो, एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून साहेब केबिनमधली मीटिंग मशीनपाशी घ्यायला लागले. सुरुवातीला कुणी तोंडच उघडेना. आणि शांतता झाली की साहेब स्वतःच बोलायला लागायचे, जुनी सवय. मग त्यांनी वही हातात घेतली. जो बोलेल त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत लिहायचं, त्याला वाचून दाखवायचं, "हेच म्हणालात ना?" विचारायचं आणि पुढच्या शिफ्टच्या आत उत्तर द्यायचं. उत्तर "नाही जमणार" असलं तरी कारणासकट.

पहिली बोलली ती आयटीआयची अप्रेंटिस मुलगी, तीही घाबरत. "सर, बोअर गेजचा झिरो ज्या रिंगवर लावतो ती रिंग मशीनच्या पॅनेलवर ठेवलेली असते. ती कोमट लागते." पूर्वी साहेब म्हणाले असते, मग उचलून दुसरीकडे ठेव. या वेळी ते स्वतः गेले, रिंगला हात लावला आणि म्हणाले, "अजून काय दिसतं तुला?" रिंगच गरम असेल तर झिरोच चुकतो, मग पुढची सगळी मापं चुकीची. आता रिंग आणि गार होणारे जॉब एकाच टेबलावर असतात, म्हणजे दोघांचं तापमान सारखं राहतं.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. साहेब मॅनेजरकडे गेले आणि शुक्रवारचा पहिला तास सात वीसपासून मोजायचा, हे भांडून मान्य करून घेतलं. आमचा सायकल टाइम चार मिनिटं, म्हणजे वीस मिनिटांत पाच जॉबचं नुकसान. ते पाच जॉब वाचवण्याच्या नादात अख्खे लॉट परत येत होते. टार्गेट हललं नसतं तर वहीत लिहून घेण्याला काही अर्थ नव्हता. पोरांनी आणखी दोन-तीन वेळा सांगितलं असतं आणि मामांसारखीच गप्प झाली असती.

एचआरवाल्यांना माझं एकच सांगणं आहे. जाणाऱ्या माणसाला शेवटच्या दिवशी फॉर्म देऊन काही हाती लागत नाही. तो तेव्हा भांडून जाणार नाही, त्याला फुल अँड फायनल आणि अनुभवाचा दाखला हवा असतो. त्यापेक्षा आधी मीटिंगमध्ये वाद घालणारा कोण माणूस हल्ली नुसतं "हो साहेब" म्हणतोय ते बघा. आमच्या साहेबांच्या वहीत आता अशी दोन नावं आहेत. एक ग्राइंडिंगवरचं, एक पॅकिंगमधलं. त्यांच्याशी ते या आठवड्यात बोलणार आहेत, त्यांच्या मशीनपाशी जाऊन.