तिसरा डावा, तिसरा उजवा आणि कमरेचा एक्स-रे

लिस्बनला राहायला गेलो तेव्हा मला पोर्तुगीज शब्द तीनच येत होते: चावी, पगार आणि बटाटा. तिन्ही त्यांच्याकडूनच आपल्याकडे आलेले. त्यातला 'पगार' तिकडे मिळत नाही, द्यावा लागतो. तो त्यांचा 'पैसे भरणे' आहे, हे पहिल्याच महिन्यात कळलं. चावीला 'शाव्ह' म्हणायचं असतं, हे कळलं त्या संध्याकाळी जिन्यात बोंबलताना.

कचऱ्याची पिशवी घेऊन मी दाराबाहेर पाऊल टाकलं आणि मागे वाऱ्याने दार धाडकन लागलं. तिथल्या दारांना बाहेरून मूठ असते ती नुसती ओढायला, फिरत नाही. चावी आतून कुलपातच. फोन टेबलावर. गॅसवर वरण. बाहेर मी, अर्धी चड्डी, सपाता आणि कचरा. घरमालकाकडे दुसरी चावी होती, पण तिचा उपयोग शून्य. त्या जातीच्या कुलपात आतून चावी राहिली की बाहेरची बहुतेक वेळा पूर्ण आत शिरतच नाही. अशा वेळी तिकडे लोक अग्निशमन दलाला बोलावतात, ते येऊन दार उघडून देतात आणि त्याचे पैसे घेतात. म्हणजे पुन्हा पगार. आणि वरण काही त्यांच्यासाठी थांबणार नव्हतं.

लिस्बनमध्ये पत्त्यात इमारतीला नंबर असतो, पण आतल्या फ्लॅटला बहुधा नसतो, मजला आणि बाजू असते. मी तिसरा डावा. माझ्या आरोळीने तिसरा उजवा उघडला आणि आजीबाई बाहेर आल्या. माझ्या अवताराकडे एकदा पाहून त्यांनी एकच प्रश्न विचारला, तोही हातवाऱ्यांसकट: "दार नुसतं आपटलंय, की चावी फिरवली होतीस?"

सगळी मेख या प्रश्नात होती. चावी फिरवली की चौकटीत जाड, चौकोनी दांडा जातो. मग बाहेर कसरती करणाऱ्याचा फक्त घाम निघतो. दार नुसतं आपटलं तर आत असते ती स्प्रिंगवरची जीभ, एका बाजूने तासलेली. माझं दार आत उघडणारं, म्हणून तासलेली बाजू बाहेरच्या माणसाकडे. बाहेर उघडणारं असतं तर सपाट बाजू समोर आली असती आणि कहाणी इथेच संपली असती.

"आपटलंय," मी म्हणालो. आजीबाई आत गेल्या आणि यजमानांच्या कमरेचा एक्स-रे घेऊन आल्या.

मला वाटलं, आता दुखणं ऐकावं लागणार. तर त्यांनी ती फिल्म माझ्या कुलपाच्या वीतभर वर, दार आणि चौकटीच्या फटीत सरकवली. बँकेचं कार्ड इथे चालत नाही, कारण चौकटीच्या पट्टीला वळसा घालून आत जावं लागतं आणि कार्ड वळत नाही, मोडतं. फिल्म वळते आणि फाटत नाही. दोन्ही हातांनी ती खाली ओढत जिभेपर्यंत आणली. मग मला खूण: दार ढकल, सोड, ढकल, सोड. दार हललं की जिभेवरचा दाब क्षणभर सुटतो आणि तेवढ्यात फिल्म उतारावरून घसरत तिला आत दाबते. चौथ्या ढकलीला खट्ट! यजमानांच्या मणक्यांच्या रांगेमागोमाग मी घरात. वरण तळाला लागलं होतं, पण वरचं खाण्यासारखं होतं.

"देझेंराश्कांसु!" आजीबाई म्हणाल्या. मूळ क्रियापद गुंत्यातून सोडवण्याचं. एखाद्याला 'देझेंराश्का-ते' म्हटलं की अर्थ होतो, आता तुझा तू निस्तर. मी मनात मराठी शोधत बसलो. 'वेळ मारून नेणे'ला थापेचा वास येतो. 'जुगाड' म्हटलं की बनवलेली वस्तू डोळ्यांसमोर येते. इथे तर काहीच बनलं नव्हतं, एक्स-रे एक्स-रेच राहिला. या शब्दात हाताशी असेल त्यावर भागवायचं असतं, आणि सुटलो की मामला मिटला. म्हणूनच तो शेवटच्या घटकेला बसतो. आधी ठरवून करायचं काम ऐनवेळी उरकलं, तर त्याला वेगळा टोमणा आहे: 'गुडघ्यावर केलेलं.' (आपल्याकडे गुडघ्याला बाशिंगच.)

दुसऱ्या दिवशी शहाणपणा सुचून मी जादा चावी आजीबाईंकडे ठेवली. त्यांनी ती एक्स-रेशेजारीच, खुंटीला अडकवली.

पंधरा दिवसांनी जिन्यात धाडकन आवाज झाला. दार उघडलं तर आजीबाई, सपाता आणि कचऱ्याची पिशवी. एक्स-रे आत. माझ्याकडे एक्स-रे कुठला असणार, हल्ली दवाखाने फिल्म न देता सीडी हातात ठेवतात. मी दीड लिटरची पाण्याची बाटली आणि कात्री आणली. तळ उडवला, मान उडवली, उरलेलं उभं कापून पसरलं.

"आपटलंय, की चावी फिरवली होती?" मी विचारलं.

आजीबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी गुपचूप फटीत बाटली घातली.