530 युनिट एका महिन्यात? आमच्या घरात एसी नाही हो!

मे महिन्याचं बिल हातात आलं आणि डोकंच फिरलं. दर महिन्याला पाचशे-सहाशेच्या घरात येणारं बिल थेट सात हजारांच्या वर! वीज कार्यालयात गेले तर काउंटरवरचा माणूस मान वर न करता म्हणतो, "उन्हाळा आहे ना मॅडम, एसी जास्त चालवला असेल." अहो, दोन पंखे, एक फ्रिज आणि टीव्ही, एवढ्यावर आमचं घर चालतं. समोरच्याचं बिल उघडून तरी बघायचं, मग बोलायचं!

घरी येऊन शेवटी मीच बिल उलगडलं. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, तिन्ही महिन्यांच्या रीडिंगच्या जागी 'सरासरी' छापलेलं. सोसायटीने मीटरखोलीचं कुलूप बदललं, किल्ली सेक्रेटरींच्या कपाटात, आणि रीडिंग घेणारा तीनदा दारावरून परत गेला. एक चिठ्ठी नाही, एक फोन नाही. त्याआधीचे तीन महिने सासूबाईंच्या आजारपणामुळे आम्ही बहुतेक काळ गावी होतो, म्हणून सरासरी निघाली फक्त 90 युनिट. मे महिन्यात कुलूप उघडलं आणि खरं रीडिंग आलं.

खरं रीडिंग जानेवारीत 14310 होतं, मेमध्ये 15110. म्हणजे चार महिन्यांत 800 युनिट, महिन्याला 200. एवढी वीज आम्ही वापरली, ते मला मान्य आहे. त्यातले 270 युनिट सरासरीच्या बिलांत भरून झाले होते, राहिले 530. संताप येतो तो पुढच्या भागाचा. हे 530 युनिट त्यांनी एकाच महिन्याचा वापर धरून टाकले!

यात नुकसान कसं होतं ते सांगते. मुंबईत घरगुती विजेचे टप्पे 100, 300 आणि 500 युनिटवर बदलतात, आणि वरच्या टप्प्यातलं प्रत्येक युनिट महाग. हिशेबासाठी गोल दर धरते: पहिल्या 100 ला 5 रुपये, पुढच्या 200 ला 10, त्यापुढच्या 200 ला 14 आणि 500 च्या वर 16. (तुमचे खरे दर बिलाच्या मागे छापलेले असतात, ते घालून बघा.) 530 युनिट एका महिन्यात धरले तर 500, 2000, 2800 आणि 480, मिळून 5780 रुपये. पण वापर चार महिन्यांचा आहे, मग स्वस्त टप्पेही चार वेळा मिळायला नकोत? 200 युनिटचे महिन्याला 1500, चार महिन्यांचे 6000. त्यातून 90 युनिटच्या तीन बिलांचे 1350 वजा केले की उरतात 4650. म्हणजे 1130 रुपये नुसत्या टप्प्यांच्या घोळातून वाढले, आणि त्यावर 16 टक्के वीज शुल्क वेगळं! स्थिर आकारसुद्धा 500 च्या वरच्या टप्प्याचा लावला. तो तर आम्ही दर महिन्याला वेगळा भरतोच आहोत.

आणि खाली 'मागील थकबाकी'. कसली थकबाकी? एप्रिलचं बिल भरल्याची पावती माझ्या पर्समध्ये आहे. पैसे त्यांच्या खात्यात उशिरा नोंदले गेले, त्याचा विलंब आकार माझ्या माथी! थकबाकीचा वापराशी काही संबंध नसतो, पण खालची एकूण रक्कम बघून माणसाला वाटतं की मीटरच पळतोय. माझे सासरे तर नवा मीटर बसवा म्हणून मागे लागले होते.

मीटर बरोबर आहे, हे मी स्टुलावर चढून, टॉर्च मारून बघितलं. पडद्यावर आकडे आळीपाळीने बदलतात. ज्याच्या शेजारी kWh लिहिलेलं असतं तोच युनिटचा आकडा, बाकीच्यांकडे बघून घाबरू नका. मीटर क्रमांकासकट फोटो काढला, रात्री सगळं बंद करून आकडा थांबतो का तेही पाहिलं. थांबला.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा साहेब म्हणाले, "आधी पूर्ण भरा, मग बघू. नाहीतर लाइन कट होईल." कशाला धमकावता लोकांना? वीज कायदा 2003 च्या कलम 56 मध्ये स्पष्ट आहे: वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यातली जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरली, तर वीज तोडता येत नाही. आणि तोडायची झाली तरी आधी पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. काउंटरवर बसून हे ग्राहकाला सांगायचं सोडून उलटंच सांगतात!

मी निषेधाचं पत्र देऊन सरासरीची रक्कम भरली, वरचा हिशेब जोडून लेखी तक्रार दिली आणि पोच व तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय हलले नाही. इथे बिल दुरुस्त झालं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जाणार, तिथेही नाही तर विद्युत लोकपालांकडे. 4650 माझ्याकडून घ्या, एक रुपया कमी देणार नाही. पण वरचे 1130 मी देणार नाही म्हणजे नाही. आणि मीटरखोलीची दुसरी किल्ली आज वॉचमनकाकांच्या हातात ठेवून आले आहे.