रिक्रूटरला पत्र लिहिताना कार्यालयीन शिस्त सोडू नये

सरकारी खुर्ची सोडून खासगी कंपनीत जावं असं तुमच्या मनात आलं आहे आणि त्यासाठी रिक्रूटरला चार ओळी लिहायच्या आहेत. लोक सांगतील की त्या खरंच चार-सहा ओळीच असाव्यात. अशा लोकांना टिपणी लिहिण्याचा अनुभव नसतो, त्यांचं मनावर घेऊ नका.

सुरुवात विषयापासून करा. ‘खासगी क्षेत्रात सेवा करण्याची संधी मिळणेबाबत.’ शेवटी ‘बाबत’ हवंच. रिक्रूटरच्या फोनवर ईमेलच्या विषयाचे पहिले काही शब्दच दिसतात, म्हणजे त्याला दिसेल ‘खासगी क्षेत्रात सेवा’ आणि पुढे तीन टिंबं. याउलट ‘खरेदी व्यवस्थापक: निविदा व करारांचा १४ वर्षांचा अनुभव’ असं लिहिलंत तर त्याला सगळं एका नजरेत कळेल. मग पत्र उघडण्याची उत्कंठा ती काय राहिली?

ईमेल अर्थातच कार्यालयाच्या खात्यावरून पाठवा, तेही कामाच्या वेळेत. स्वतःचं खासगी खातं वापरणं म्हणजे काहीतरी लपवणं. कार्यालयाच्या सर्व्हरवर एक प्रत कायमची राहील, हा फायदा वेगळाच.

आता मुख्य मजकूर. पदनाम आहे तसंच ठेवा: ‘कक्ष अधिकारी (खरेदी-२)’. खाली काय करता ते सांगू नका. खरेदी-१ आणि खरेदी-२ यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याने भरतीच्या धंद्यात पडूच नये. रिक्रूटर कंपनीने लिहून दिलेल्या गरजेशी तुमचा कागद ताडून पाहतो, आणि त्या गरजेत ‘पुरवठादारांशी वाटाघाटी’, ‘करार व्यवस्थापन’ असे शब्द असतात. तुमच्या कागदावर ते शब्द नसले तर तुम्ही ते काम कधी केलंच नाही असं तो धरून चालतो. धरू दे. आपली ज्येष्ठता अशा शब्दांवर अवलंबून नाही.

कामाचं वर्णन कर्मणीत करा. ‘सोपविण्यात आलेली कामे विहित मुदतीत पार पाडण्यात आली.’ कोणी पार पाडली, हे वाचणाऱ्याला कळता कामा नये. सरकारी टिपणीत हा गुण आहे, कारण तिथे चौकशी लागली तर कर्ता सापडू नये हीच अपेक्षा असते. रिक्रूटरला मात्र नेमका तो कर्ताच हवा असतो, ही त्याची वैयक्तिक अडचण.

समजा, तुमच्या शाखेत निविदा उघडल्यापासून पुरवठा आदेश निघेपर्यंत साधारण ९० दिवस जायचे. तुम्ही मागच्या फायली काढून बघितल्या आणि लक्षात आलं की दिवस दर ठरवण्यात जात नाहीत, कागदांत जातात. तांत्रिक लिफाफा उघडला की कुणाचं अनुभव प्रमाणपत्र नाही, कुणाच्या कराच्या दाखल्याची मुदत संपलेली. मग पत्र, उत्तर, पुन्हा पत्र. तुम्ही निविदेसोबत एक पानाची तपासणी सूची जोडायला सुचवलंत आणि निविदा भरण्याआधी पुरवठादारांची बैठक घ्यायला लावलीत. वरिष्ठांनी मान्यता दिली. पुढच्या वर्षी तेच काम ५५ दिवसांत व्हायला लागलं, आणि कागद अपुरे म्हणून बाद होणारे देकार कमी झाल्याने स्पर्धाही वाढली.

हे असंच्या असं, ‘मी सुचवलं, वरिष्ठांनी मान्य केलं, ९० चे ५५ झाले’ इतक्या उघडपणे लिहू नका. अडचण काय होती, ती तुम्ही कशी ओळखलीत, बदल कुठला केलात आणि फरक किती पडला, हे सगळं तीन वाक्यांत बसतं आणि रिक्रूटर ते जसंच्या तसं उचलून कंपनीला पाठवू शकतो. तुमचे श्रम वाचवून त्याचेही वाचवायचे, हा कुठला न्याय? त्यापेक्षा ‘खरेदी प्रक्रियेत सुलभता आणण्यात आली’ हे पुरेसं भारदस्त आहे.

पुरावा हवाच असेल तर फाईलमधल्या टिपण्या आणि तुलनात्मक तक्ता यांची छायाप्रत जोडा. त्यात पुरवठादारांचे दर असतात, ते गोपनीय असतात, पण तुमचं अक्षर सुंदर आहे हेही त्याच कागदावरून दिसतं. आज या कार्यालयाचे कागद मला आले, उद्या माझ्या कंपनीचे दुसऱ्याला जातील, असा हिशेब रिक्रूटरच्या डोक्यात येईल. संशयी माणसं सगळीकडेच असतात.

आणि ज्या कंपनीची निविदा सध्या तुमच्याच टेबलावर आहे, तिच्यातच जागा असेल तर? याहून शुभ योग नाही. अशा वेळी वरिष्ठांना लेखी कळवून त्या फाईलपासून बाजूला व्हावं, मगच बोलणी सुरू करावीत, असं सांगणारे भेटतील. बऱ्याच सरकारांच्या नियमांत नोकरी सोडल्यानंतर ठरावीक काळ अशा कंपनीकडे जाण्यावर बंदी असते किंवा आधी परवानगी लागते, हेही ते ऐकवतील. तुम्ही पत्रात एवढंच लिहा की आपल्या कंपनीची फाईल मी जातीने पाहत आहे. रिक्रूटर हे वाक्य दोनदा वाचेल. एवढं लक्ष देऊन तुमच्या पत्रातलं दुसरं कुठलंच वाक्य वाचलं जाणार नाही. (कंपनीचा विधी विभागही ते वाचेल, पण तो तुमच्याशी बोलणार नाही.)

पगाराविषयी विचारलं तर फक्त वेतनस्तराचा क्रमांक द्या. मूळ वेतन, भत्ते, निवासस्थान, निवृत्तीवेतनातला सरकारचा वाटा यांची वर्षाची बेरीज करून एक आकडा दिलात, तर कंपनीच्या आकड्याशी त्याची तुलना करता येते आणि तुलना झाली की आपण किती कमी मागत होतो हे आधी तुम्हालाच समजतं. मनस्ताप कशाला करून घ्या? रिक्रूटर तुमच्या बाजूनेच बोलेल. त्याची फी कंपनी देते, हा किरकोळ तपशील.

शेवटी तो विचारेल, कधी रुजू व्हाल? राजीनामा दिला म्हणजे सुटका झाली, अशी तिकडच्यांची समजूत असते. इकडे राजीनामा मंजूर व्हावा लागतो, त्याआधी विभागीय चौकशी प्रलंबित नसल्याचा आणि येणे बाकी नसल्याचा दाखला लागतो, शिक्षणासाठी बंधपत्र दिलं असेल तर त्याची रक्कम भरावी लागते. हे सगळं आस्थापना शाखेत आधीच विचारून ‘मंजुरीसह साधारण तीन महिने’ असं एका ओळीत सांगता येतं, आणि तेवढं थांबायला कंपन्या पुष्कळदा तयार असतात. पण अंदाज देणं हे आपल्या अधिकारात बसत नाही. तुम्ही लिहा: ‘सक्षम प्राधिकाऱ्याच्या मान्यतेनंतर यथावकाश.’

यावर उत्तर येणार नाही. पंधरा दिवस वाट पाहा आणि मूळ पत्राची प्रत सोबत जोडून स्मरणपत्र क्रमांक १ काढा. जागा तोवर भरली गेली असेल, तरी जावक नोंदवहीत नोंद झाल्याशिवाय ते सोडू नका.