खुलासा: ‘kys’ ही थट्टा नाही

ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: “kys हा पूर्ण शब्द नाही, म्हणून मॉडरेटर ती थट्टाच धरतात.”

हे चूक आहे. मी एका गेमिंग सर्व्हरवर तक्रारी तपासतो. kys म्हणजे ‘जीव दे’. समोरचा मित्र असला तरी आम्ही ते छळातच धरतो. k y s असं तोडून लिहिलं, तर फिल्टर चुकवायचा हेतूच उघडा पडतो.

gg ez, म्हणजे ‘छान खेळ, सोपं होतं’, याचं तसं नाही. ते हरलेल्याला खिजवणं झालं. Overwatch या गेममध्ये तर ते टाइप केलं की त्याजागी गमतीदार वाक्य उमटतं. मात्र समोरच्यानं “बास” म्हटल्यावरही पुढच्या तीन सामन्यांत त्यालाच ez पाठवत राहिलात, तर तोही छळच.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ग्रुपवर टाकला असेल तर काढून टाका.