सत्तर टक्के फरक म्हणजे सत्तर टक्के उधळपट्टी नाही हो!

«वर्षभराचं बजेट आणि खरा खर्च शेजारी मांडा, प्रत्येक खात्याचा फरक टक्क्यांत काढा. १० टक्क्यांच्या वर गेलेलं खातं म्हणजे उधळपट्टी, पुढच्या वर्षी ते तेवढ्याच टक्क्यांनी कापा. बजेटपेक्षा कमी गेलं ती तुमची बचत. आणि एकूण बेरीज जुळली तर घर शिस्तीत आहे!»

हे फॅमिली ग्रुपवर तीनदा आलं तेव्हा मी गप्प बसले. पण ताईने खरंच एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ चा तक्ता मांडला, औषधांसमोर ७० टक्के जास्त असं लाल रंगात लिहिलं, ते तिच्या सासूबाईंनी वाचलं आणि बीपीची गोळी एक दिवसाआड घ्यायला लागल्या. कुणाला न सांगता. म्हणून आता लिहितेय.

आधी औषधांचंच बघू. बजेट १२,००० होतं, म्हणजे महिन्याला हजार, आणि गेले २०,४००. मी ताईला महिन्यामहिन्याची बिलं काढायला लावली, तर जुलैपर्यंत बरोब्बर हजारच जात होते आणि ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी दुसरी गोळी आणि शुगरच्या पट्ट्या वाढवल्या, तिथून महिन्याला १,०५० जास्त. आठ महिने गुणिले १,०५०, झाले ८,४००. अख्खा ७० टक्के फरक एवढाच आहे, यात एक रुपयाही उडवलेला नाही. आणि हा खर्च आता दर महिन्याला असणारच, त्यामुळे यावर्षीचं बजेट २,०५० गुणिले १२ म्हणजे २४,६०० धरायला हवं. मेसेजप्रमाणे कापलं असतं तर १२,००० चे ३,६०० झाले असते, महिन्याला तीनशे रुपये! बीपीच्या माणसाला!! वर्षाचा एकच आकडा बघितला की हे कळतच नाही. एका महिन्यात उंच उडी आणि मग परत खाली असेल तर तो एकदाचा खर्च, पायरी चढून तिथेच राहिला असेल तर बजेट जुनं झालंय.

आणि टक्का किती मोठा दिसतो ते खातं किती छोटं आहे त्यावर असतं. किराणा ९६,००० चा १,०५,६०० झाला, फक्त १० टक्के, म्हणून मेसेजच्या नियमात बसून सुटला. पण रुपयांत तो फरक ९,६०० आहे, औषधांपेक्षा जास्त! टक्क्यांच्या शेजारी रुपयांचा रकाना हवाच.

किराण्यात तरी हात सैल सुटला का, तर तेलाचं उदाहरण घ्या. ४८ लिटर, १२० रुपयांनी ५,७६० धरले होते, प्रत्यक्षात ५० लिटर सरासरी १४० ने आणलं, ७,०००. फरक १,२४०. त्यात भाव वाढल्याचे २० गुणिले ५० म्हणजे १,००० आणि जास्त आणलेल्या दोन लिटरचे फक्त २४०. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं होतं, ते काय ताईने वाढवलं? भाजी-फळं ३६,००० ची ४३,२०० झाली त्याचंही तेच. सरकारच्याच महागाईच्या आकड्यांत ऑक्टोबर २०२४ ला भाज्या आदल्या ऑक्टोबरपेक्षा ४२ टक्क्यांनी महाग होत्या, त्यामुळे वर्षात २० टक्के जास्त गेले त्यात भावाचा मोठा वाटा असणार. आपल्या हातात किती आणायचं तेवढं असतं, म्हणून निदान तेल, डाळ, तांदूळ, दूध एवढ्यांचं तरी किलो-लिटर लिहून ठेवा, नाहीतर भाव आणि वापर वेगळे करता येत नाहीत.

आता ती «बचत». गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला २४,००० ठेवले होते, गेले शून्य, कारण माणूस पावसाआधी आलाच नाही. गच्ची अजून गळतेय. काम राहिलंय म्हणजे तो खर्च पुढे ढकललाय, आणि आता तोच माणूस २९,००० सांगतोय. विजेचं खातं मात्र ३०,००० वरून २७,६०० वर आलं, गिझर बदलल्यामुळे, तर तेवढी २,४०० ची बचत खरी, ती मी मान्य करते. १० टक्क्यांची रेघ मारणंही ठीक आहे, पण ती कुठली बिलं उघडून बघायची एवढं ठरवायला. कापायला नाही.

शाळेच्या ६०,००० चे ६१,८०० झाले, त्यात बघण्यासारखं काही नाही.

बेरीज? २,५८,००० चं बजेट, खर्च २,५८,६००. फरक सहाशे रुपये, पाव टक्कासुद्धा नाही. म्हणजे मेसेजनुसार घर एकदम शिस्तीत. खरं बघितलं तर किराणा, भाजी, औषधं, शाळा मिळून २७,००० जास्त गेले आणि त्यातले २४,००० न झालेल्या गच्चीने झाकले. यावर्षी गच्ची झाली की तेवढाच खड्डा उघडा पडणार.

रविवारी ताईकडे बसून आम्ही तक्त्यात «कारण» असा एक रकाना घातला आणि त्यात चारच शब्द ठेवले: भाव, वापर, ढकललं, कायमचं. औषधांपुढचा लाल रंग काढला, तिथे «कायमचं, २४,६००» लिहिलं. सासूबाईंना तो कागद दाखवला, गोळ्या रोजच्या रोज सुरू झाल्यात, पुढच्या आठवड्यात बीपी तपासायला नेणार आहोत.