पणतीचा चौकोन

आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीचं दिवाळीचं वार्तापत्र मी ई-मेलनं पाठवतो. यंदा 'शुभ दीपावली'च्या दोन्ही बाजूंना इमोजीच्या पणत्या लावल्या, शेवटी नमस्काराचे हात. रात्रीच सेक्रेटरी काकांचा फोन. "अरे, शुभ दीपावलीच्या दोन्ही बाजूंना रिकामे चौकोन कसले? काही भरून द्यायचं आहे का?"

काका मेल वाचतात ते सोसायटीच्या ऑफिसमधल्या विंडोज ७ च्या संगणकावर, तितक्याच जुन्या मेल प्रोग्राममध्ये. मी खाली गेलो. मराठी अक्षरं शाबूत होती, म्हणजे एन्कोडिंग ठीक होतं. ते बिघडलं असतं तर पणतीच्या जागी `ðŸª”` अशी पिशाच्चलिपी उमटली असती आणि मराठीचीही तीच गत झाली असती. चौकोनाचा अर्थ वेगळा : निरोप नीट पोचला, पण त्या चिन्हाचं चित्र यांच्या फॉन्टमध्ये नाही. इमोजी मेलबरोबर येत नाही, येतो फक्त त्याचा क्रमांक. चित्र वाचणाऱ्याच्या संगणकानं काढायचं. या क्रमांकांच्या जागतिक यादीत, म्हणजे युनिकोडमध्ये, पणती आली २०१९ साली आणि त्या संगणकातले फॉन्ट त्याआधीचे. नमस्काराचे हात २०१० चे, म्हणून ते दिसत होते, काळे-पांढरे का होईना.

"मग फुलबाजी चालेल का?" काकांनी विचारलं. फुलबाजी चालली असती, तीही २०१० चीच. पण प्रदूषणावरचा परिच्छेद काकांनीच लिहिला होता.

मग पणतीचं छोटं चित्र टाकलं, चोवीस पिक्सेलचं. `alt` मध्ये 'पणती' असं लिहिलं, म्हणजे चित्र न दिसलं तरी शब्द दिसेल. तर काकांचा मेल प्रोग्राम बाहेरून येणारी चित्रं परवानगीशिवाय उतरवतच नाही. तिथे उमटला चौकोन, आणि आत लाल फुली. चोवीस पिक्सेलमध्ये 'पणती' मावेल तरी कुठे?

काकांचं समजूतदार उत्तर मेलनं आलं : "हरकत नाही J". हा J त्यांच्या प्रत्येक मेलच्या शेवटी असतो. शेजारच्या काकू तो 'जय महाराष्ट्र' समजून उलट जय महाराष्ट्र करतात. खरं तर काका हसरा चेहरा टाइप करतात, प्रोग्राम त्याचं विंगडिंग्ज फॉन्टमधलं J करतो. त्या फॉन्टमध्ये J म्हणजे हसरा चेहरा. काकूंच्या फोनमध्ये तो फॉन्ट नाही, म्हणून उरतं नुसतं J. काकांना त्यांच्या पडद्यावर हसराच दिसतो, त्यामुळे ते मानायलाच तयार नाहीत.

शेवटी पणत्या काढल्या. 'शुभ दीपावली' मोठ्या अक्षरात, केशरी रंगात लिहिलं. ते सगळ्यांना दिसलं.

आता कमिटीला पाडव्याला गुढीचा इमोजी हवा आहे. मी निश्चिंत आहे. तो अजून कोणत्याच फॉन्टमध्ये नाही.