खोटी तक्रार, निर्दोष सुटका आणि व्हॉट्सअॅपवरची ‘तीन वर्षं’

“खोटी पोलीस तक्रार कोर्टात टिकली नाही? मग आता तुमची पाळी! १) निर्दोष सुटलात म्हणजे तक्रार खोटी हे सिद्ध झालंच, भरपाई मिळणारच. २) दावा तीन वर्षांत कधीही टाका, घाई नाही. ३) पोलिसांनी ‘ब समरी’ दिली तरी पुरे. ४) पोलीस ठाण्यात जाऊन तक्रारदारावर लगेच उलटा गुन्हा नोंदवा. ५) रक्कम मोठी लावा, कोर्ट फी लागत नाही. प्रत्येक ग्रुपवर पाठवा, कुणाचं तरी भलं होईल.”

हा मेसेज नाशिकमधल्या निम्म्या ग्रुपांवर फिरला असेल. मला तो दाजींनी पाठवला आणि खाली लिहिलं, “वेळ आहे अजून, दिवाळीनंतर बसू.” दाजींचं अंबडला छोटं वर्कशॉप आहे. शेजारच्या शेडवाल्याने त्यांच्यावर साचे चोरल्याची फिर्याद दिली होती. अटक झाली, एक रात्र कोठडीत गेली, दोषारोपपत्र आलं, खटला चालला आणि ९ सप्टेंबर २०२५ रोजी त्यांची निर्दोष मुक्तता झाली. मी नाशिकच्या न्यायालयात दिवाणी कामं करतो, त्यामुळे ते दिवाळीपर्यंत थांबले असते तर काय झालं असतं हे मला नेमकं ठाऊक आहे. त्यांचा दावा दाखल होण्याआधीच मेला असता.

म्हणून दुसरा मुद्दा आधी घेतो. मुदत कायदा १९६३ च्या अनुसूचीत अनुच्छेद ७४ आहे. द्वेषबुद्धीने चालवलेल्या फौजदारी कारवाईबद्दलच्या भरपाईच्या दाव्याला तो एक वर्ष देतो. हे वर्ष वादी निर्दोष सुटला किंवा कारवाई इतर कुठल्या रीतीने संपली त्या दिवसापासून मोजायचं. उसने पैसे, करार आणि ज्या दाव्यांना स्वतंत्र अनुच्छेद नाही असे बरेच दावे तीन वर्षांचे असतात, त्यावरून कुणीतरी हा आकडा उचलला असावा. पण इथे स्वतंत्र अनुच्छेद आहे, त्यामुळे तो आकडा लागूच होत नाही. दाजींचा शेवटचा दिवस ९ सप्टेंबर २०२६. त्या वर्षीची दिवाळी नोव्हेंबरात.

लोक इथे आणखी दोन ठिकाणी फसतात. निकालाच्या सही-शिक्क्याच्या नकलेसाठी अर्ज करायचा, ती मिळायला वेळ लागतो, आणि लोक समजतात की तेवढे दिवस वजा होतील. अपिलात ते वजा होतात, दाव्यात होत नाहीत. तसंच उशीर माफ करण्याचा अर्ज. मुदत कायद्याच्या कलम ५ खालचा हा अर्ज अपिलाला चालतो, दाव्याला नाही. शेवटच्या दिवशी कोर्ट बंद असेल तर उघडेल त्या दिवशी दावा घेतला जातो, सवलत एवढीच. समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी कलम ३ प्रमाणे न्यायालयाने तो स्वतःहून पाहायचा असतो. म्हणजे दावा कितीही खरा असला तरी एक दिवस उशीर झाला की संपला. हा मेसेज पुढे ढकलणारे लोकांचं नेमकं हेच नुकसान करताहेत, आणि नुकसान झालेल्याला ते कळतं तेव्हा त्याच्या हातात करण्यासारखं काही राहिलेलं नसतं.

निकालाविरुद्ध फिर्यादीने अपील केलं तर? त्या वेळी वर्ष कधीपासून मोजायचं यावर उच्च न्यायालयांचे निर्णय एकसारखे नाहीत. म्हणून मी पक्षकाराला अपिलाची वाट पाहू देत नाही. पहिल्या निकालापासून वर्षाच्या आत दावा दाखल करायचा, आणि गरज पडली तर अपील संपेपर्यंत तो थांबवून ठेवण्याची विनंती करायची.

आता पहिला मुद्दा. हा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण यावर विश्वास ठेवून माणूस कागद गोळा करतच नाही. सुटका झाली ही या दाव्याची फक्त एक पायरी आहे. वादीला आणखी गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: कारवाई प्रतिवादीने सुरू केली, ती करायला त्याच्याकडे वाजवी कारण नव्हतं, त्यामागे आकस होता, आणि त्यातून नुकसान झालं. हे सगळं सिद्ध करण्याचा भार वादीवर असतो. फौजदारी खटल्यात सरकारला दाजींचा गुन्हा सिद्ध करता आला नाही. दिवाणी दाव्यात दाजींना शेजाऱ्याचा खोटेपणा सिद्ध करायचा आहे. पहिलं झालं म्हणून दुसरं होत नाही. फौजदारी निकाल दिवाणी न्यायालयात दाखल होतो तो सुटका झाल्याचा पुरावा म्हणून. त्यात न्यायाधीशांनी साक्षीदारांबद्दल काय लिहिलं ते दिवाणी न्यायाधीशांवर बंधनकारक नसतं, ते पुरावा नव्याने पाहतात.

दाजींच्याच प्रकरणावर बघा. फिर्यादीत होतं की रात्री त्यांना साचे टेम्पोत भरताना पाहिलं. उलटतपासणीत शेजाऱ्याच्याच शेडचं डिलिव्हरी चलन पुढे आलं. घटनेच्या आठवडाभर आधी तेच साचे, त्याच नंबरांनिशी, सिन्नरच्या एका जॉबवर्कवाल्याकडे पाठवल्याचं, आणि खाली सही फिर्यादीची. स्वतःच्या सहीने बाहेर पाठवलेली वस्तू आठवड्याने चोरताना पाहिली असं जो सांगतो, त्याला आपण खोटं बोलतोय हे माहीत होतं. वाजवी कारण नव्हतं, हे इथे दिसतं. आकसासाठी वेगळा कागद आहे: शेजाऱ्याकडे दाजींचं बिल थकलं होतं आणि फिर्यादीच्या काही दिवस आधीचा त्याचा मेसेज आहे, “पैसे मागशील तर आत बसवीन.”

आता यातलं चलन काढून टाका. साचे खरोखर गायब झालेत, वॉचमनने मालकाला दाजींचं नाव सांगितलं, मालकाने ते खरं मानून फिर्याद दिली आणि पुढे वॉचमन कोर्टात फितूर झाला. दाजी तेव्हाही सुटले असते, निकालपत्र बहुधा शब्दाला शब्द तसंच असतं, आणि तरी हा दावा हरला असता. बिलाचं भांडण असूनही हरला असता, कारण फिर्याद देताना मालकाकडे वाजवी कारण होतं, आणि ते असलं की नुसत्या आकसाने दावा उभा राहत नाही. हे असंच असायला हवं. चोरी झालेला माणूस आरोपी सुटल्यावर आपल्यालाच भरपाई द्यावी लागेल या भीतीने ठाण्याची पायरी चढला नाही, तर ते कुणाच्याच भल्याचं नाही.

उलट बाजूही सांगतो. निकालात ‘संशयाचा फायदा’ हे शब्द आहेत म्हणून दाजी हिरमुसले होते. त्या शब्दांनी दावा बुडत नाही. दिवाणी न्यायालय अधिक संभाव्य काय ते पाहतं, आणि चलन तिथेही तितकंच बोलतं. फक्त ते चलन पुन्हा रीतसर शाबीत करावं लागेल, सिन्नरच्या माणसाला साक्षीला आणावं लागेल, आणि दाजींना स्वतः साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून चोरीबद्दलचे तेच प्रश्न पुन्हा ऐकावे लागतील. याची मनाची तयारी आधीच करून ठेवायला हवी.

शेजाऱ्याचा वकील म्हणेल, “आम्ही फक्त माहिती दिली, खटला सरकारने चालवला.” हा बचाव जुना आहे. ब्रिटिश काळात भारतातली शेवटची अपिलं ऐकणाऱ्या लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १९०८ मध्येच गया प्रसाद विरुद्ध भगत सिंग या प्रकरणात त्याला उत्तर दिलं आहे. जाणूनबुजून खोटी माहिती देऊन आणि खोटा पुरावा पुरवून पोलिसांना वळवणारा माणूस हाच खरा फिर्याद चालवणारा, कागदावर नाव सरकारचं असलं तरी. तेव्हा तक्रारदारावर दावा होऊ शकतो, मेसेजमधलं एवढं खरं आहे आणि ते मी मान्य करतो.

ब समरीबद्दल थोडक्यात. तपासाअंती तक्रार द्वेषाने केलेली आणि खोटी आहे असं पोलिसांना वाटलं की ते ब समरीचा अहवाल पाठवतात. तक्रार खोटीही म्हणता येत नाही आणि गुन्हाही दिसत नाही, गैरसमज किंवा दिवाणी वाद दिसतो, तेव्हा क समरी. आधी हातात कोणती आहे ते वाचा. दुसरं, तो पोलिसांचा अहवाल आहे. दंडाधिकाऱ्यांनी स्वीकारेपर्यंत काही संपलेलं नसतं, आणि तक्रारदार तिथे हरकत घेऊ शकतो. स्वीकारल्यावरही प्रश्न उरतो, की खटला उभाच राहिला नाही तर त्याला फौजदारी कारवाई म्हणायचं का. मोहम्मद अमीन प्रकरणात १९४७ साली प्रिव्ही कौन्सिलने कसोटी दिली, ती अशी की कारवाई माणसाचं नुकसान होण्याच्या टप्प्याला पोहोचली होती का. अटक झाली असेल तर बोलायला जागा आहे. नुसता एकदा जबाब घेऊन फाईल बंद झाली असेल तर दावा फार कठीण.

चौथा मुद्दा सरळ चुकीचा आहे. लोकसेवकाला खोटी माहिती देणं आणि खोटा आरोप करणं हे गुन्हे आहेत, भारतीय न्याय संहितेत कलम २१७ आणि २४८. पण पहिल्यात त्या लोकसेवकाची लेखी तक्रार लागते, आणि दुसरा न्यायालयातल्या कामकाजाशी जोडलेला असेल तर न्यायालयाची. आपण ठाण्यात जाऊन हा गुन्हा नोंदवा म्हणून हट्ट धरून काही होत नाही. त्यापेक्षा लोकांना माहीत नसलेली एक तरतूद कामाची आहे. आरोपीला सोडताना, आरोपाला वाजवी आधारच नव्हता असं दंडाधिकाऱ्यांना वाटलं तर ते फिर्यादीला कारण विचारून भरपाई द्यायला लावू शकतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम २५०, तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत २७३. रक्कम त्यांच्या दंडाच्या अधिकाराइतकीच, म्हणजे प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यांसाठी जुन्या कायद्यात १० हजार, नव्यात ५० हजार. पण हे निकालाच्या वेळीच मागायला हवं. दाजींच्या वकिलांनी मागितलं नाही. मिळाली असती तर तेवढी रक्कम पुढच्या दिवाणी दाव्यात हिशेबात धरली गेली असती.

राहिली रक्कम. कोर्ट फी लागते, आणि मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात लागते, त्यामुळे ५० लाखांचा आकडा टाकणं म्हणजे आधी स्वतःचा खिसा रिकामा करणं. दाजींचा हिशेब आम्ही असा मांडलाय: वकिलाची फी ८५ हजार, पावत्या आहेत. जामीन आणि तारखांचा खर्च १५ हजार. अटकेनंतर रद्द झालेली ऑर्डर १ लाख ६० हजार. मनस्ताप आणि बदनामी दीड लाख. एकूण ४ लाख १० हजार. यातला ऑर्डरचा आकडा सध्या लटकलेला आहे, कारण कंपनीच्या ईमेलमध्ये नुसतं ‘ऑर्डर रद्द’ लिहिलंय, कारण दिलेलं नाही. अटकेमुळे रद्द केली असं तिथल्या खरेदी विभागातल्या कुणी साक्षीत सांगितलं नाही, तर ते १ लाख ६० हजार मिळणार नाहीत. त्या माणसाला भेटायला दाजी या आठवड्यात जाताहेत.